मालक मुंबईत, भाडेकरू वाडीत: पहिल्या सहा तासांची तयारी

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांमध्ये नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. त्याच तासांत मोबाइलचे टॉवरही बंद पडले. मुंबई-पुण्यात बसलेले घरमालक फोन लावत राहिले आणि इकडे घरात असलेल्यांच्या हातात नंबरांनी भरलेला पण मुका फोन होता. वर टाळेबंदी चालू होती, त्यामुळे गाडी काढून निघणंही सोपं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, महाडला सावित्रीचं पाणी बाजारपेठेत घुसलं. वीज गेली, फोन गेले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि मोठी मदत तिथे पोचायला दुसरा दिवस उजाडला.

या दोन्ही प्रसंगांतून रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांसाठी एक गोष्ट मला पक्की वाटते. संकटाची योजना करताना बाहेरून कोणी येईल हे धरून चालायचं नाही. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. रस्त्याने यायचं तर वडखळची वाट, आणि मुसळधार पावसात ती कुठे अडेल सांगता येत नाही. म्हणून पहिले सहा तास घरात जो असेल त्यालाच सगळं करावं लागेल असं समजून योजना लिहावी. सहा तासच का, तर ओहोटीपासून भरतीपर्यंतचा काळ साधारण तेवढा असतो आणि वाईट दिवशी मालकाला मुंबईहून यायलाही तेवढा वेळ सहज लागतो.

अडचण अशी की या किनाऱ्यावर घराची माहिती एकाकडे आणि घरातला मुक्काम दुसऱ्याकडे असतो. मेन स्विच कुठला, इन्व्हर्टरला कुठल्या खोल्या जोडल्या आहेत, पऱ्याचं पाणी कुठून चढतं हे मालकाला माहीत असतं. रात्री दोन वाजता जागा होतो तो भाडेकरू. योजना म्हणजे ही माहिती आणि ती वापरायचा अधिकार, दोन्ही आधीच सुपूर्द करणं.

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांसमोर धरू. अलिबाग तालुक्यातलं नागाव. समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत नारळाची वाडी, तीत जोत्यावर बांधलेलं चार खोल्यांचं कौलारू घर. पुढे पडवी, तिथेच मीटर. मागे विहीर, पंप आणि आंघोळीचं पाणी तापवायची चूल. मालक दादरला राहतात. अलिबागला नोकरी करणारं एक जोडपं, सोबत सासूबाई आणि लहान मूल, असं बिऱ्हाड भाड्याने आहे. गॅसजोडणी मालकांचीच आहे.

गॅसचा वास

घरगुती सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो वर जात नाही, जमिनीवर पसरतो. हवेत त्याचं प्रमाण सुमारे दोन टक्के झालं की एखादी ठिणगी पुरते. आता हिशोब करू. दहा फूट लांब, रुंद आणि उंच स्वयंपाकघरात साधारण 28 घनमीटर हवा मावते. गॅस सगळीकडे सारखा मिसळला तर धोक्याच्या पातळीला यायला किलोच्या वर गॅस लागेल. पण तो खालच्या एका फुटातच साचला, तर तिथे ती पातळी गाठायला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो. मोठा बर्नर तासाला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे दूध उतू जाऊन विझलेला बर्नर पाऊण तास तसाच चालू राहिला, की पायाशी धोका तयार. प्रत्यक्षात थोडा गॅस वर मिसळतो, थोडा फटींतून जातो, त्यामुळे वेळ मागेपुढे होईल. पण उभ्या माणसाच्या नाकाला वास कमी येतो म्हणून गॅस कमी आहे असं समजू नये.

जुन्या घरांत उंबरठा उंच असतो. पाणी अडावं तसा गॅसही तिथे अडतो. दार उघडलं तरी खालचा थर पटकन बाहेर पडत नाही. आणि मागचं दार उघडलं तर तो वाहत जातो तो थेट परसातल्या चुलीकडे. आपल्या नागावच्या घरात म्हणूनच पहिला नियम असा, की चूल पेटलेली असेल तर आधी पुढचं दार आणि खिडक्या उघडायच्या. चुलीवर पाणी ओतून निखारे पूर्ण विझले, की मगच मागचं दार.

बाकीची कृती क्रमाने सांगतो, कारण इथे क्रमालाच महत्त्व आहे. वास आला की कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. दिवा लावायचा नाही आणि लागलेला बंदही करायचा नाही, कारण बटण खाली-वर होताना आत बारीक ठिणगी पडते. एग्झॉस्ट पंखा लावून गॅस बाहेर काढू, हा विचार फार जणांच्या मनात येतो आणि तोच सगळ्यात घातक. देवघर दुसऱ्या खोलीत असून समई तेवत असेल तर ती शांत करायची. रेग्युलेटरची कळ बंद करायची, रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर दोरीला लोंबणारं प्लास्टिकचं टोपण दाबून बसवायचं. दारं-खिडक्या उघडायच्या आणि सासूबाई व मुलाला घेऊन गल्लीपर्यंत जायचं. फोन तिथून लावायचा, पडवीतूनही नाही. नंबर 1906. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो.

टोपण बसवूनही फुसफुस ऐकू येत असेल तर गळती सिलिंडरच्या तोंडातच आहे. मग एकट्याने उचलणं जमत असेल आणि आसपास आग नसेल तरच सिलिंडर उभाच धरून मोकळ्यावर ठेवावा. विहिरीजवळ, पंपाच्या खड्ड्याजवळ किंवा गटाराशी मात्र कधीच नाही, कारण जड गॅस खाली उतरून तिथे तासन्‌तास साचून राहतो. उचलणं जमत नसेल तर तसाच सोडून बाहेर पडावं.

थोड्या वेळाने वास येईनासा होतो. ते गॅस गेला म्हणून असेल किंवा नाक सरावलं म्हणूनही असेल. त्यामुळे आत गेलेल्याच माणसाला विचारून उपयोग नाही. बाहेरून नवा माणूस उंबरठ्याशी आणून वास घ्यायला सांगावा. गळती नेमकी कुठे आहे ते साबणाच्या पाण्याने पाहतात. नळीवर आणि जोडांवर फेस फासला की गळतीच्या जागी बुडबुडे येतात.

मीटरचा मेन पडवीत आहे, तो बाहेरून पाडावा का? आत फ्रीज चालू असतो आणि तो आपोआप सुरू-बंद होताना ठिणगी टाकू शकतो, म्हणून पडवीत वास नसेल तर मेन पाडणं योग्य. पण घरात इन्व्हर्टर असेल तर नाही. मेन पडताच इन्व्हर्टर आतल्या आत बॅटरीवर उडी मारतो, त्याच्या पोटातला संपर्क खटकन बदलतो, आणि जी ठिणगी टाळायची होती तीच आपण घरात पाडतो. इन्व्हर्टर बहुतेक घरांत जमिनीलगत ठेवलेला असतो हे लक्षात घ्या. अशा घरात मेनला न शिवता लांब जाणं बरं.

गॅसजोडणी मालकाची असेल तर नळीची मुदत पाहणं मालकाचं काम. नारिंगी सुरक्षा नळीवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी ती बदलावी. सिलिंडर घेताना तोंडातली रबरी चकती तपासून घेणं भाडेकरूचं काम. हे दोन्ही करारात एका ओळीत लिहून टाकावं.

शॉर्टसर्किट आणि खारी हवा

किनाऱ्यावर तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढतो आणि स्क्रूला गंज लागतो. जोड सैल पडतो, सैल जोड तापतो, तापला की प्लास्टिक वितळू लागतं. त्यामुळे इथे शॉर्टसर्किटची चाहूल बहुतेकदा आधी मिळते. बोर्डाजवळ जळकट, माशासारखा वास येतो, पंखा सुरू केला की दिवा मंदावतो, प्लगची एखादी पिन काळी पडते. यातलं काहीही दिसलं तर त्या बोर्डाचा एमसीबी खाली करावा आणि वायरिंगवाला येऊन पाहीपर्यंत वर करू नये.

एमसीबी आणि आरसीसीबी ही दोन वेगळी माणसं आहेत असं समजा. एमसीबी तारांना वाचवतो. जास्त भार आला किंवा दोन तारा एकमेकींना टेकल्या की तो पडतो. माणसाला बसणारा शॉक त्याच्या लेखी फार क्षुल्लक असतो, तो त्यासाठी पडणारच नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, कारण 30 मिलिअँपिअरएवढी वीज वाट चुकून जमिनीत जाऊ लागली तरी तो पडतो. जुन्या घरांत बरेचदा आरसीसीबी बसवलेलाच नसतो. तो बसवून देणं, त्याआधी अर्थिंग तपासून घेणं, ही मालकाची जबाबदारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि भाडेकरूने घर घेतानाच हे विचारावं. त्यावर चाचणीचं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबलं की आरसीसीबी पडायला हवा. नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे.

रात्री आरसीसीबी पडला तर शोध असा घ्यायचा. सगळे एमसीबी खाली, मग आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर. ज्याला हात लावल्यावर आरसीसीबी पडतो त्या वाटेवर दोष. तो एमसीबी खाली ठेवायचा आणि बाकीचं घर चालू करायचं. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी उभा राहत नसेल तर तो नाद सोडून सकाळची वाट पाहायची. नागावच्या घरात दोष बहुधा पंपाच्या, गिझरच्या किंवा वाडीतल्या दिव्यांच्या वाटेवर निघेल, कारण पाणी आणि खारं वारं तिथेच लागतं. पडलेला एमसीबी एकदा वर करून पाहायला हरकत नाही. दुसऱ्यांदा पडला तर पुन्हा हात लावू नये. तो अडकवून ठेवण्यासाठी काडी-दोरा लावलेला कुठे दिसला तर तो आधी काढा.

ठिणग्या खांबावर किंवा खांबावरून घराकडे येणाऱ्या तारेवर असतील, झावळी तारेवर पडली असेल, तर ते काम महावितरणचं. ओल्या बांबूने झावळी काढायला जाऊ नये. मीटरच्या पुढे, घरातलं वायरिंग मालकाचं. ही हद्द भाडेकरूला ठाऊक हवी, म्हणजे चुकीच्या माणसाला फोन करण्यात वेळ जात नाही. महावितरणचा तक्रार क्रमांक 1912, तो न लागल्यास 1800-212-3435 किंवा 1800-233-3435. पण तिथे आधी ग्राहक क्रमांक विचारतात. तो बारा आकडी असतो, बिलावर असतो, आणि बिल दादरला मालकांच्या फोनवर जातं. भाडेकरूची तक्रार नोंदवायला उशीर होतो तो अनेकदा एवढ्याशा गोष्टीमुळे. ग्राहक क्रमांक मीटरच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवा.

बोर्डाला आगच लागली तर पाणी मारू नये. पडवीतला मेन पाडावा, इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करावा, आग लहान असेल तर कोरडी वाळू टाकावी. वाडीत वाळूला तोटा नाही. एक बादली भरून कोरड्या जागी झाकून ठेवली की झालं.

पाणी चढतं तेव्हा

किनारपट्टीच्या गावांत पाणी दोन बाजूंनी येतं. डोंगरावरचं पाणी पऱ्या-ओहोळांनी खाडीकडे धावतं आणि त्याच वेळी भरती असेल तर खाडी ते आत घेत नाही. तुंबलेलं पाणी मग वाड्यांत शिरतं. महाडला सावित्रीच्या पुराचं भरतीशी नातं जुनी माणसं सांगतात, ते याच कारणाने.

म्हणून पाऊस किती पडतो एवढंच पाहून भागत नाही, भरती केव्हा हेही माहीत हवं. कोळी बांधवांचा जुना हिशोब इथे कामाला येतो. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि त्या दोन-तीन दिवसांत उधाण असल्याने पाणी सर्वांत उंच चढतं. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. पण फोन बंद, वीज बंद अशा रात्री भिंतीवरच्या कालनिर्णयावरून एवढं कळलं तरी पुष्कळ.

आपल्या घरातली अशी रात्र घेऊ. तिथी षष्ठी. सहा पाऊण साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला भरती पूर्ण. रात्री अकरापासून पाऊस कोसळतोय. दोन वाजता अंगणात घोटाभर पाणी दिसलं. भरतीचे अजून अडीच तास बाकी आहेत, म्हणजे पाऊस थांबला तरी पाणी साडेचारपर्यंत ओसरायचं नाही, चढायचीच शक्यता जास्त. हेच पाणी पहाटे पाच वाजता दिसलं असतं तर पुढे ओहोटी आहे हे धरून थोडा धीर धरता आला असता. त्यामुळे दोन वाजताच हालचाल करायची.

ती कोणत्या क्रमाने, हे आधीच पायऱ्यांवर रंगवून ठेवावं. जोत्याला तीन पायऱ्या असतील तर पहिलीवर पिवळी रेघ, दुसरीवर लाल. पाणी पिवळ्या रेघेला लागलं की पंपाचा आणि वाडीतल्या दिव्यांचा एमसीबी खाली करायचा, कागदपत्रं, औषधं आणि पिण्याचं पाणी माळ्यावर किंवा पलंगावर ठेवायचं, गाडी उंचावर नेऊन लावायची आणि शेजाऱ्याला हाक मारायची. लाल रेघेला लागलं की गॅस आणि वीज, दोन्ही तोडायचं. कोणालाही फोन करून विचारायचं नाही. पाणी जोत्यावर यायच्या आत, पाय कोरडे असताना, कोरड्या लाकडी पाटावर उभं राहून मेन पाडायचा आणि इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करायचा. इन्व्हर्टर राहून गेला तर मेन पाडूनही भिंतीतल्या प्लगांत वीज असते आणि पाणी त्या प्लगांपर्यंत येतं. उशीर झाला आणि मेनपर्यंत जायला पाण्यात उतरावं लागत असेल तर मेनचा विचार सोडून द्यावा. खारं पाणी वीज चांगलीच वाहून नेतं.

गॅसचं काम लोकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून ते जरा खोलात सांगतो. घरगुती सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर ते 33 लिटरच्या थोडं वर मावतं. लोखंडाची जाडी धरली तर सिलिंडर पाण्यात बुडाला की सुमारे 35 लिटर पाणी बाजूला सारतो, आणि त्या पाण्याचं वजन 35 किलो. उलट रिकामा सिलिंडर साधारण पंधरा किलोचा, त्यात गॅस 14.2 किलो. म्हणजे भरलेलाही तिशीच्या आतच. तो भरलेला असो वा रिकामा, पाण्यावर तरंगतो. स्वयंपाकघरात पाणी कमरेपर्यंत आलं तर शेगडीला जोडलेला सिलिंडर उचलला जातो, कलंडतो, नळी ओढतो आणि गळती सुरू होते. पाणी चढलेल्या बंद घरात मग गॅस पाण्याच्या पृष्ठभागावर पसरतो, म्हणजे माणसाच्या नाकाच्या आणखी जवळ येतो. म्हणून लाल रेघेला पाणी येताच रेग्युलेटर काढून टोपण बसवायचं आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला सुंभाने उभा बांधायचा. पडवीत ठेवलेला जादा सिलिंडरही तसाच. नाहीतर तो वाहून जातो आणि नंतर कोणाच्या तरी वाडीत सापडतो.

घर सोडायचं ते कुठे, हेही लिहिलेलं असावं. गावातली शाळा, देवळाचा सभामंडप किंवा उंचावरचं ओळखीचं घर, यांपैकी एकाचं नाव हवं. रस्त्यावरून वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर मूल घेऊन उतरू नये. त्यापेक्षा घरातल्या सर्वांत उंच जागी जावं आणि 112 ला कळवावं.

पाणी ओसरल्यावर पहिला दिवस आणखी धोक्याचा असतो. लाईट आली का पाहू, म्हणून मेन वर करणारे पुष्कळ. प्लग आणि जोडांत गाळ आणि खार बसलेला असतो. पाण्याखाली गेलेला प्रत्येक बोर्ड उघडून, गोड्या पाण्याने पुसून आणि वाळवून वायरमनने तपासल्याशिवाय मेन वर करायचा नाही, आणि भिजलेले एमसीबी-आरसीसीबी बदलायचे. हा खर्च मालकाचा. विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर उपसा करून ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर टाकून घ्यावी आणि तोवर त्या पाण्याने चूळही भरू नये. चिखलात अनवाणी चालू नये. लेप्टोचा ताप कोकणात अशाच पाण्यातून होतो, त्यामुळे पुरानंतर ताप आला की आरोग्य केंद्रात जाऊन आपण पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना सांगावं.

दार अडकलं

पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात, कुलपं खारानं गंजतात आणि लॅचचं दार वाऱ्याने ओढून बंद होतं. सून विहिरीवर कपडे घेऊन गेली, दार आपटलं, आत गॅसवर कुकर आणि पाळण्यात मूल. चाव्या आतल्या खुंटीवर.

इथे ठरवायचं असतं ते दार कधी फोडायचं. आत मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, गॅस चालू असेल किंवा पाणी चढत असेल तर थांबायचं नाही, आणि मालकांची परवानगीही घेत बसायची नाही. बाकी सगळ्या वेळी चावीची वाट पाहायची. हे करारातच लिहिलेलं असलं की दुरुस्तीच्या खर्चावरून नंतर वाद होत नाहीत. फोडायचंच तर मागच्या दाराचा कोयंडा. पुढचं दार जाड शिसवी किंवा सागवानी असतं, त्यावर वेळ जातो. गॅसचा वास येत असेल तर घणाचे घाव घालू नयेत, ग्राइंडर तर नाहीच. खिडकीची काच लाकडी दांडक्याने फोडावी म्हणजे हवाही खेळते.

सगळ्यात सोपी तरतूद म्हणजे जादा चावी. ती शेजारच्या घरी, बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर मालक आणि भाडेकरू दोघांच्या सह्या. पाकीट फुटलेलं असेल तर दोघांनाही कळतं. ही चावी भाडेकरूला स्वतःसाठी कधीही घेता येते. मालकासाठी ती फक्त गॅस, आग आणि पाणी या तीन कारणांनी उघडली जावी, तेही भाडेकरूला फोन करून आणि शेजाऱ्याला सोबत घेऊन. भाडेकरूने कुलूप बदललं तर त्याच दिवशी नवी चावी पाकिटात जायला हवी. भाडं थकलं म्हणून मालकाने बाहेरून कुलूप ठोकणं हा मार्ग नाही. त्या वादासाठी न्यायालय आहे. भाडेकरूवर अशी वेळ आली तर त्याने 112 ला कळवावं.

कुलपात तेल घालू नये, वाळू चिकटते. शिसपेन्सिलीची भुकटी किल्लीला चोळून कुलूप चार वेळा फिरवावं. पावसात फुगणारं दार मे महिन्यातच सुताराकडून रंध्याने तासून घ्यावं.

भिंतीवरचा कागद

हे सगळं एका कागदावर मावतं. फोनमध्ये ठेवू नये, निसर्गने ते शिकवलं आहे. जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून स्वयंपाकघराच्या दारामागे एक आणि पडवीत मीटरजवळ एक. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे एवढं मोठं अक्षर.

सर्वांत वर पत्ता. हे विचित्र वाटेल, पण 112 चा फोन गावात लागत नाही, राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. तिथल्या माणसाला नुसतं नागाव सांगितलं तर उरण तालुक्यातही नागाव आहे. मुरूड म्हटलं तर रत्नागिरीतही आहे आणि लातूरकडेही. म्हणून कागदावर एक पूर्ण वाक्य लिहावं आणि घाबरलेल्या माणसाने ते नुसतं वाचावं: गाव नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, अमक्या देवळापासून समुद्राकडे जाणारी गल्ली, डाव्या हाताचं तिसरं घर.

त्याखाली क्रमांक:

पोलीस, आग, कुठलंही संकट: 112
रुग्णवाहिका: 108
अग्निशमन: 101
गॅसगळती: 1906
महावितरण: 1912, 1800-212-3435, 1800-233-3435, आणि शेजारी बारा आकडी ग्राहक क्रमांक
जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, अलिबाग: 1077, आणि त्यांचा 02141 ने सुरू होणारा दूरध्वनी क्रमांक
गॅस एजन्सीचं नाव, दुकानाचा नंबर आणि पुस्तकावरचा ग्राहक क्रमांक

यानंतर गावातली माणसं, आणि कागदाचा हा भाग मला वरच्या भागापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पोलीस पाटील, सरपंच, महावितरणचा गावातला वायरमन, खासगी वायरिंगवाला, प्लंबर, सुतार, चावी ज्यांच्याकडे आहे ते शेजारी, जवळचं आरोग्य केंद्र. प्रत्येकाच्या नंबरापुढे त्याचं घर कुठे आहे ते लिहायचं, कारण फोन बंद असेल तर चालतच जायचं आहे. शेवटी मालक, आणि मालक न मिळाल्यास त्यांच्या वतीने होय-नाही म्हणू शकणारं एक माणूस. मालकांनी आपली एक ओळ स्वतःच्या हाताने लिहावी: तातडीच्या कामाला इतक्या रुपयांपर्यंत मला न विचारता खर्च करावा, पावती ठेवावी, भाड्यातून वळता करू. आकडा दोघांनी ठरवायचा. ही ओळ नसली की भाडेकरू रात्रभर परवानगीची वाट पाहतो आणि वायरमनला सकाळी बोलावतो.

कागद दर वर्षी मृगाच्या आधी, वाडीची आणि कौलांची कामं चालू असतानाच, एकदा तपासावा. प्रत्येक नंबर लावून पाहायचा. वायरमनची बदली झालेली असते, सुताराने नंबर बदललेला असतो, नवीन पोलीस पाटील आलेले असतात. आणि भाडेकरू बदलला की पहिल्याच संध्याकाळी मालकांनी किंवा शेजाऱ्यांनी त्याला सोबत घेऊन घरातून एक फेरी मारावी. मेन त्याच्या हाताने पाडायला लावावा, इन्व्हर्टरचं बटण दाखवावं, रेग्युलेटर काढून टोपण बसवायला लावावं, पायऱ्यांवरच्या दोन रेघा दाखवाव्यात, पाकीट कोणाकडे आहे त्यांच्या ओटीवर नेऊन ओळख करून द्यावी. मग कागदाच्या तळाशी दोघांनी सह्या करून तारीख घालावी.